टॅम्पिंगचा जोर की भुकटीची मांडणी? चॅनेलिंगच्या मुळाशी नेमके काय?

कडूगोड (पुणे): माझ्या घरच्या यंत्रात ५८ मिमीचे बास्केट आहे. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २७-२८ सेकंदांत मिळावी अशी अपेक्षा असते, पण ती १७ सेकंदांतच वाहून जाते. तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरमधून पाहिले, तर उजव्या बाजूने बारीक चिळकांडी उडते. चव एकाच घोटात आंबट आणि कडू लागते. माझे मत असे की टॅम्पिंग पुरेसे जोरात होत नाही, म्हणूनच पाण्याला एखादी सोपी वाट सापडते आणि चॅनेलिंग होते. मी आता पूर्ण वजन टाकून दाबू लागलो आहे. इतरांचे काय मत आहे?

दुसरा_घोट: जोराबाबत आपला अंदाज चुकतो आहे, असे मला वाटते. ५८ मिमी व्यासाच्या बास्केटचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर भरते. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९ किलो, म्हणजेच यंत्र चालू झाल्यावर पकवर, म्हणजे दाबलेल्या भुकटीच्या चकतीवर, एकंदर जवळजवळ २४० किलोचा भार येतो. आपण हाताने १५ किलो दाबले काय किंवा २५ किलो दाबले काय, त्यापुढे हा फरक किरकोळ आहे. भुकटी एकदा घट्ट बसली आणि टॅम्पर आणखी खाली जाईनासा झाला, की तेथे टॅम्पिंगचे काम संपते. दाब सपाट आहे की नाही, हे मात्र फार महत्त्वाचे असते, कारण टॅम्पर एक-दोन अंशांनी जरी कलला तरी पक एका बाजूला पातळ होतो आणि पाणी तीच बाजू पकडते.

रोजची_पाळी (कॅफेत काम करतो): हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. ते २४० किलो लगेच येत नाहीत. पहिल्या काही सेकंदांत भुकटी कोरडी असते आणि पाणी नुकतेच शिरत असते. त्या वेळी ती सैल असेल, तर कडेला फट पडते. त्यामुळे टॅम्पिंगला कमी लेखू नये. शिवाय १७ सेकंदांत कॉफी येते याचा सरळ अर्थ दळण जाड आहे असा होतो. ग्राइंडर दोन घरे बारीक करा, प्रश्न मिटेल. आमच्याकडे नवीन मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो.

दुसरा_घोट: कोरड्या भुकटीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे, आणि म्हणूनच टॅम्पिंग वगळा असे मी म्हटलेले नाही. दळणाबद्दल मात्र सावध राहावे लागेल. दळण केवळ जाड असते, तर धार लवकर पण सगळीकडून सारखी आली असती आणि चव मुख्यतः आंबट व पाणचट लागली असती. येथे चिळकांडी आहे, आणि आंबट-कडू दोन्ही एकत्र आहेत. पाणी एका वाटेने धावते तेव्हा त्या वाटेवरच्या कणांतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघतो आणि बाकीचा पक जवळजवळ तसाच राहतो. ती वाट वाहत्या पाण्याने आणखी रुंद होत जाते, म्हणून सुरुवातीची लहानशी चूकही शेवटी मोठी दिसते.

हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. बाकी काहीही न बदलता दळण एक घर बारीक करावे. वेळ वाढली, तर रोजची_पाळी यांचे म्हणणे खरे. वेळ तेवढीच राहिली, कमी झाली किंवा दर कपाला वेगळी येऊ लागली, तर बारीक दळणाने पाण्याचा रोध वाढून ते कमकुवत जागेतून अधिक जोराने निसटते आहे असे समजावे. २०२० साली ‘मॅटर’ या नियतकालिकात एस्प्रेसोवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यातही एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास प्रवाह असमान होऊन अर्क घटतो असेच आढळले होते.

माजघर: मी मोका पॉट वापरते आणि त्यात भुकटी अजिबात दाबत नाही, फक्त बोटाने वरून सारखी करते. तरीही कॉफी उत्तम होते. तर मग दाबण्याचा हा एवढा आटापिटा कशासाठी?

दुसरा_घोट: माजघर, मोका पॉटमध्ये दाब १ ते २ बारच्या आसपास असतो आणि दळणही जाड असते, त्यामुळे तेथे न दाबणेच योग्य आहे. येथे मात्र तो नियम लागू करता येणार नाही.

रोजची_पाळी: आता बहुधा सुयांचा विषय निघेल, म्हणून आधीच सांगतो. इटलीतल्या बारमध्ये कोणी बास्केटमध्ये सुया फिरवत बसत नाही. ग्राइंडरमधून भुकटी पडते, एकदा दाबतात, आणि कप पुढे जातो. हे घरगुती हौशी लोकांचे खूळ आहे.

दुसरा_घोट: तेथे एका कपासाठी साधारण ७ ग्रॅम कॉफी, गडद भाजणी आणि व्यावसायिक ग्राइंडर असतो. तोटीचे पोर्टाफिल्टर असल्यामुळे चिळकांडी असली तरी ती कोणाला दिसतही नाही. सुयांची पद्धत जॉन वाइस यांनी २००५ च्या सुमारास सुचवली, तीच मुळी गुठळ्या करणाऱ्या घरगुती ग्राइंडरसाठी. आपल्या कॅफेतल्या ग्राइंडरला तिची गरज नसेल, हे मी सहज मान्य करतो. कडूगोड यांच्या ग्राइंडरला आहे का, एवढाच प्रश्न आहे.

कडूगोड, भुकटी बास्केटमध्ये पडते तेव्हा ढीग कोणत्या बाजूला होतो, ते पाहून सांगाल का? चिळकांडी दर वेळी त्याच जागी येत असेल, तर कारण बहुधा कललेला टॅम्पर किंवा एका बाजूला पडणारा ढीग हे असते. जागा बदलत असेल, तर गुठळ्यांवर संशय घ्यावा. वरून फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करणारे पाते गुठळ्यांपर्यंत पोचत नाही, ते फक्त वरचा थर सरळ करते. आणि दाबून झाल्यावर पोर्टाफिल्टरच्या कडेला टॅम्परने टकटक करण्याची सवय असेल, तर ती कृपया सोडावी, कारण त्या धक्क्याने पक कडेपासून सुटतो.

कडूगोड: टकटक करतो, हे कबूल. ढीग उजवीकडेच पडतो, याकडे आजवर लक्षच गेले नव्हते. बाटलीच्या बुचात ०.४ मिमीच्या चार सुया टोचल्या. सध्या हवा फार कोरडी असल्याने भुकटी ग्राइंडरच्या तोंडाला चिकटत होती, म्हणून बियांवर दळण्याआधी पाण्याचा एकच फवारा मारला. सुया तळापर्यंत नेऊन पंधरा सेकंद हळू ढवळले, मग टॅम्परवर बोटे ठेवून सर्व बाजूंनी कडेशी अंतर सारखे आहे ना हे पाहिले आणि बेताचाच जोर दिला. दळण तेच, १८ ग्रॅम तेवढेच. पाच कपांपैकी चार कप २५ ते २७ सेकंदांत आले आणि उजवीकडची चिळकांडी थांबली. पाचवा १९ सेकंदांत आला आणि त्यात डाव्या कडेला चिळकांडी होती. त्याचे कारण मला सांगता येत नाही.

रोजची_पाळी: तुम्ही सुया, पाण्याचा फवारा, सपाट दाब आणि टकटक बंद, असे चार बदल एकाच दिवशी केले. श्रेय सुयांना द्यावे असे यातून सिद्ध होत नाही. आठवडाभर फक्त सुया वगळून बाकी सगळे तसेच ठेवून पाहा.

दुसरा_घोट: ही सूचना योग्य आहे, आणि मलाही तिचा निकाल जाणून घ्यायला आवडेल. पाचव्या कपाबाबत एकच विचारतो. त्या वेळी बास्केट आतून पूर्ण कोरडे पुसले होते का? ओल्या कडेला पाणी पहिल्यांदा तेथूनच वाट काढते.

कडूगोड: आधीच्या कपानंतर घाईत नुसते झटकले होते, पुसले नव्हते.