तंबूचा प्रश्न, चारपैकी दीड

स्नेहा कुलकर्णी (सी-२०२), रात्री ८:४०
ग्रुपवर कोणी गणिताचं आहे का? लेकीचा दहावीचा सराव पेपर आज मिळाला. भूमितीत चार गुणांच्या एका प्रश्नाला दीडच गुण दिलाय. एक किंमत चुकली म्हणून तिथून खाली लाल रेघ मारलेली आहे. ती रडतेय. शाळेत जाऊ की नको, तेवढं सांगा. फोटो टाकते.

पाटील (ए-१०४), ८:४३
उत्तर चुकलं म्हणजे चुकलं ना ताई? दीड दिला हेच खूप.

स्नेहा कुलकर्णी, ८:४४
पाटीलसाहेब, तुम्ही तिच्या शिक्षकांपेक्षा कडक निघालात 😅

पाण्याचा टँकर (सेक्रेटरी), ८:४५
उद्या सकाळी ७ ते ९ पाणी बंद. कृपया भरून ठेवा.

देशपांडे काकू (बी-५०३), ८:५८
स्नेहा, फोटो पाहिला. प्रश्न इथे लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तंबूचा खालचा भाग वृत्तचिती, वर शंकू. व्यास ५.६ मी, वृत्तचितीची उंची ३ मी, शंकूची लंब उंची २.१ मी. कापड दर चौ.मी. ५०० रुपये, तर खर्च किती? (π = २२/७)

बरोबर उत्तर असं. त्रिज्या २.८. तिरकस उंची l² = २.८² + २.१² = ७.८४ + ४.४१ = १२.२५, म्हणून l = ३.५. वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ २πrh = ५२.८. शंकूचं πrl = ८.८ × ३.५ = ३०.८. बेरीज ८३.६. खर्च ४१,८०० रुपये.

तुझ्या लेकीने १२.२५ चं वर्गमूळ ३.०५ काढलंय. दशांश चिन्हानंतर एक शून्य उगाच घुसलं. पुढे सगळं नीट: ८.८ × ३.०५ = २६.८४, बेरीज ७९.६४, खर्च ३९,८२०. मी आत्ता कागदावर करून पाहिलं. तिच्या ३.०५ वरून हेच आकडे येतात, एकही पुढची चूक नाही.

पाटील, ९:०१
काकू, पण तंबूवाल्याला ७९ मीटर कापड दिलं तर वर भोक राहील 🙂 शेवटी उत्तरच लागतं.

देशपांडे काकू, ९:०६
राहील ना! म्हणून अर्धा गुण कापायचाच. पण एकदाच कापायचा, आणि जिथे भोक पडलं तिथे. वर्गमूळ चुकलं, त्याची किंमत तिने तिथेच चुकवली. मग शंकूच्या ओळीत, बेरजेत, खर्चात त्याच शून्यासाठी तीनदा परत का कापायचं? त्या तीन ओळींत तिला काय येतं, ते वेगळं तपासायचं असतं.

मी बोर्डाचे पेपर तपासले, नंतर काही वर्षं नियामक होते. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं आणि त्यात पायरीपायरीचे गुण, बहुतेक अर्ध्या-अर्ध्याचे. हा प्रश्न मी असा फोडला असता: l साठी सूत्रात किंमती घालणं ½, l ची किंमत ½. वृत्तचितीचं सूत्र व किंमती ½, ५२.८ ½. शंकूचं सूत्र व किंमती ½, क्षेत्रफळ ½. बेरीज ½, खर्च ½. झाले चार.

तिचा फक्त दुसरा अर्धा जातो. साडेतीन.

स्नेहा कुलकर्णी, ९:०८
म्हणजे सरांनी l चे किंमती घालण्याचे ½ आणि वृत्तचितीचा १ दिला आणि मग पेन ठेवला. बरोबर?

देशपांडे काकू, ९:०९
हो. दीड तिथूनच आला.

साठे (बी-३०१), ९:१५
आमचा मुलगा आयजीसीएसईला आहे. त्यांच्या मार्क स्कीममध्ये एम, ए, बी असे गुण असतात. एम पद्धतीचा, ए अचूक उत्तराचा, बी स्वतंत्र. त्यात एफटी लिहिलं असेल तर मागची चूक धरून पुढे गुण मिळतात. पण आमच्या मुलाचा अनुभव असा की शेवटचं उत्तर चुकलं की शेवटचा ए मार्क जातोच. काकूंनी तर खर्चाचा अर्धाही दिलाय. हे कसं?

देशपांडे काकू, ९:२४
साठे, मुद्द्यावर आलात. दोन्हीकडे पद्धत वेगळी आहे आणि तिथेच पालक गोंधळतात.

तुमच्याकडे ए म्हणजे खरं उत्तर. ३९,८२० हे खरं उत्तर नाही, म्हणून ए जातो. वाटेतल्या एम गुणांना मात्र धक्का नाही: पायथागोरस वापरला, πrl मध्ये स्वतःची l घातली, बेरीज केली. एफटी फक्त जिथे छापलंय तिथेच. जिथे सीएओ छापलंय तिथे बरोबर उत्तरच पाहिजे, तिथे दयामाया नाही. म्हणून तिथे कुठल्या गुणाला काय शब्द लिहिलाय ते वाचावं लागतं.

अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीत 'खर्च' ही पायरी म्हणजे बेरजेला ५०० ने गुणणं. तिने ७९.६४ × ५०० बरोबर केलंय. म्हणून मी दिला. शाळेच्या नमुना उत्तरात 'अंतिम उत्तर बरोबर हवे' अशी अट असेल, तर तीन. त्यापेक्षा खाली नाही.

साठे, ९:२६
कळलं. म्हणजे तीन की साडेतीन, हे पेपर काढतानाच ठरलेलं पाहिजे.

देशपांडे काकू, ९:२७
आणि ठरल्यावर सगळ्यांना एकच.

गोखले (सी-४०४), ९:३१
काकू, मग माझ्या मुलालाही वाढवून द्या! त्याच वर्गात आहे. त्याने वर्गमूळ काढलंच नाही, सरळ l = २.१ घेतली. पुढे ८.८ × २.१ = १८.४८, बेरीज ७१.२८, खर्च ३५,६४०. पुढचं सगळं 'त्याच्या' आकड्याने बरोबर आहे.

देशपांडे काकू, ९:४२
नाही हो गोखले, इथे गंमत आहे. 'मागची चूक पुढे धरणं' म्हणजे मुलाने ती पायरी करायचा प्रयत्न केलाय आणि हात घसरलाय. तुमच्या मुलाने प्रयत्नच केला नाही. लंब उंची आणि तिरकस उंची यातला फरकच हा प्रश्न तपासतो, त्यासाठी तर २.१ दिलीय. त्याने अवघड दरवाजा सोडून खिडकीतून उडी मारली.

l चे दोन्ही अर्धे गेले. शंकूच्या ओळीत πrl सूत्र लिहिलंय म्हणून ½ देईन, पण १८.४८ चा अर्धा नाही, कारण ती लांबी त्याने काढलेली नाही, प्रश्नातून उचललेली आहे. बेरीज आणि गुणाकार मात्र त्याच्यासाठीही तेवढेच अवघड आहेत, सोपे झालेले नाहीत, म्हणून ते दोन अर्धे द्यायचे. वृत्तचितीचा १ धरून अडीच. लेकीचे साडेतीन, त्याचे अडीच. मधला एक गुण पायथागोरसचा आणि घसरलेल्या हाताचा आहे.

गोखले, ९:४४
अडीच? शाळेने एकच दिलाय!! मी पण येतो स्नेहाताई.

पाटील, ९:४६
आणि ज्याने वर्गमूळ काढायचंच विसरून l = १२.२५ ठेवलं तो? 😄

देशपांडे काकू, ९:५५
असे दर वर्गात दोन-तीन निघतात. ८.८ × १२.२५ = १०७.८, बेरीज १६०.६, खर्च ८०,३००. गणित सुरळीत, पण तंबू कसला? त्रिज्या २.८ आणि उंची २.१, म्हणजे दोन बाजू मिळून ४.९. तिसरी बाजू त्याहून मोठी होऊच शकत नाही. मुलाने जरा नजर टाकली असती तरी कळलं असतं.

आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएटच्या तपासणीत याला नियमच आहे: मागची चूक पुढे धरताना येणारी किंमत अशक्य असेल, जसं sinθ = १.५, किंवा पूर्ण संख्या हवी तिथे अपूर्णांक, तर शेवटच्या उत्तराचा गुण द्यायचा नाही. पद्धतीचे गुण द्यायचे. मी इथे तेच करेन: किंमती घातल्याचा ½, वृत्तचितीचा १, शंकूच्या ओळीचे दोन्ही अर्धे, बेरजेचा अर्धा, खर्चाचा शून्य. एकूण तीन.

३.०५ मात्र अशक्य नाही, २.८ पेक्षा जास्त आहे, ४.९ पेक्षा कमी. म्हणून मुलीने नजर टाकली असती तरी सापडलं नसतं. तिला ३.०५ चा वर्ग करून पाहावा लागला असता.

स्नेहा कुलकर्णी, १०:०१
काकू, सरांशी काय बोलू? भांडण नको. ते चांगले आहेत, साठ पेपर एका रविवारी तपासतात.

देशपांडे काकू, १०:०९
तेच तर कारण आहे ग. उत्तर ४१,८०० असलं की एक टिक आणि पुढे. ३९,८२० दिसलं की तपासणाऱ्याला मुलीच्या ३.०५ ने परत गणित करावं लागतं, प्रत्येक पेपरचा आकडा वेगळा. आम्ही नेहमीच्या चुकांचा आधीच एक कागद करायचो: l = २.१ आली तर खर्च ३५,६४०, व्यासच त्रिज्या घेतली तर अमुक. मग बघितलं की हिशोब हातात असायचा. न भेटलेला आकडा आला तरच कॅलक्युलेटर.

सरांना एवढंच विचार: 'l नंतरच्या पायऱ्या तिच्या किंमतीने तपासल्या का?' गुण वाढवा म्हणू नकोस. फोटो दाखव, ८.८ × ३.०५ त्यांनाच करू दे.

स्नेहा कुलकर्णी, १०:११
बरं. आणि लेकीला?

देशपांडे काकू, १०:१४
तिच्या फोटोतली एक गोष्ट तिला सांग. तिने πrl = २२/७ × २.८ × ३.०५ ही पूर्ण ओळ लिहिली म्हणून मी गुण देऊ शकले. नुसतं '२६.८४' लिहिलं असतं, तर ते कुठून आलं हे शोधत बसले असते, आणि न सापडल्यास सूत्राचाही अर्धा गेला असता.

स्नेहा कुलकर्णी, दुसऱ्या दिवशी दुपारी ३:२०
जाऊन आले. सरांनी गुणाकार केला, हसले, तीन केले. म्हणाले, त्यांच्या नमुन्यात 'अंतिम उत्तर' ला अट आहे, त्यामुळे खर्चाचा अर्धा देणार नाहीत. वर्गातले आणखी आठ पेपर परत घेतलेत, सगळ्यांचा हाच प्रश्न बघायला.

गोखले, ३:२२
आमचा? 😬

स्नेहा कुलकर्णी, ३:२३
दोन. अंतिम उत्तराचा अर्धा सगळ्यांचाच कापला.

देशपांडे काकू, ३:३१
चालेल. अट सगळ्यांना एकच लावली ना, मग तक्रार नाही. स्नेहा, तिला आज रात्री १२.२५ चं वर्गमूळ भागाकार पद्धतीने पाच वेळा काढायला लाव. आणि पाणी आलं का हो कोणाकडे? आमच्याकडे अजून नाही.