सगळा खर्च मी भरला, तरी आईला २५ डॉलर कमी

शिल्पा, सिंगापूर, फेब्रुवारी २०२४:
नमस्कार मंडळी. आईच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला ५,००० अमेरिकन डॉलर पाठवले. फॉर्मवर OUR निवडून सगळे चार्जेस मीच भरले. बँकेतला दर ८२.६०, म्हणजे ४,१३,००० यायला हवे होते. आईच्या पासबुकात ४,१०,४७५ जमा. हॉस्पिटलला भरायची रक्कम अगदी मोजून पाठवली होती, त्यामुळे भाऊ धावपळीत आहे. अडीच हजार गेले कुठे?

मंदार:
शिल्पाताई, मधल्या स्विफ्टने कापले असणार. OUR असलं तरी स्विफ्ट आपला वाटा घेतंच.

उज्ज्वला:
माझ्याही बाबांना दर वेळी कमी मिळतात. मी SHA निवडते, तेच स्वस्त पडतं.

प्रभाकर:
मंदार, स्विफ्ट फक्त निरोप पोचवतं, पैशाला हात लावत नाही. कापते ती मधली बँक. उज्ज्वलाताई, SHA मध्ये वाटेतले चार्जेस बाबांच्या रकमेतून जाणारच, तुमची गोष्ट वेगळी.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. शिल्पा, तुझी तूट दोन ठिकाणची दिसते. रुपयात बदलताना भारतातली बँक जीएसटी घेते, तो OUR मध्ये येतच नाही. एक लाखापर्यंत एक टक्का आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर अर्धा टक्का हे सेवामूल्य धरून त्यावर १८ टक्के. तुझ्या रकमेवर तो साधारण ४६० रुपये होतो. उरलेले २,०६५ म्हणजे ८२.६० ने बरोबर २५ डॉलर. ते न्यूयॉर्कच्या मधल्या बँकेने कापले असावेत.

पुरावा असा काढ. तुझ्या बँकेकडून पाठवलेल्या MT103 ची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत घे, आणि भावाला साताऱ्याच्या शाखेत आलेल्या संदेशाची प्रत मागायला सांग. दोन्ही शेजारी ठेवून तीन ओळी पाहा: 32A म्हणजे तारीख आणि रक्कम, 71A म्हणजे चार्जेस कोणाचे, आणि 71F म्हणजे रकमेतून कापलेले चार्जेस. OUR असताना 71F येऊच शकत नाही. आलेल्या प्रतीत तो दिसला, तर वाटेत कोणीतरी OUR चं SHA केलं.

शिल्पा:
काका, अगदी तसंच निघालं! माझ्या प्रतीत:

```
:32A:240212USD5000,
:71A:OUR
```

भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत:

```
:32A:240212USD4975,
:71A:SHA
:71F:USD25,
```

मंदार:
मग २५ डॉलर तुझ्या बँकेने परत द्यायलाच हवेत ना?

प्रभाकर:
मागायचे तिच्याकडेच. दोन्ही प्रती आणि व्यवहाराचा UETR क्रमांक लेखी द्यायचा. पण आधी फॉर्ममागच्या अटी वाच. 'परदेशी बँकांच्या कपातीची हमी नाही' असं वाक्य असलं, तर देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. काही बँका पूर्ण रक्कम पोचवण्याची हमी जादा शुल्क घेऊन देतात. हॉस्पिटलचं बिल असेल तेव्हा तीच घ्यावी.

शिल्पा:
ते वाक्य आहे, काका. तरी अर्ज दिलाय. मधल्या बँकेला विचारून कळवतो म्हणाले. आईचं ऑपरेशन गुरुवारी, कमी पडलेले भावाने भरले.