मदत हवी आहे: ग्रेपफ्रूटचा रस आणि आईच्या बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या

निशिगंध

आई 68 वर्षांची, बाबा 72. दोन-अडीच महिन्यांपासून दोघंही नाश्त्याबरोबर ग्रेपफ्रूटचा रस घेतात, प्रत्येकी पाव लिटरचा पेला. कुणीतरी वजनासाठी चांगला म्हणून सांगितलं, तेव्हापासून नेमाने सुरू आहे.

आई सकाळी फेलोडिपिन घेते (दिवसभर सावकाश सुटणारी गोळी) आणि रात्री झोपताना सिमव्हास्टॅटिन 20. बाबांना ॲमलोडिपिन 5 आणि रोझुव्हास्टॅटिन 10.

आईचं बीपी पूर्वी 130/80 च्या आसपास असायचं. मधे ते 104/62 पर्यंत खाली आलं, चेहरा तापल्यासारखा लाल व्हायचा, डोकं ठणकायचं, संध्याकाळी घोट्यांवर सूज. डॉक्टरांनी फेलोडिपिन 5 वरून 2.5 केली. आता बीपी 115 च्या आसपास असतं, पण सूज आहेच, आणि जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणते. रसाचा विषय डॉक्टरांकडे निघालाच नव्हता. काल औषधाच्या दुकानातल्या बाई गोळ्यांची नावं बघून म्हणाल्या की या दोन्हींबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही.

माझे प्रश्न: एका पेल्याने खरंच एवढा फरक पडतो का? सिमव्हास्टॅटिन तर रात्री असते, रस सकाळी, मग अडचण काय? आणि तोच रस पिऊन बाबा ठणठणीत कसे?

तर्कटी

सगळीच आंबट फळं अशी असतात. आम्लामुळे गोळी नीट विरघळत नाही किंवा जास्तच विरघळते. रस आणि गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, तोवर पोट रिकामं होतं आणि विषय संपतो. रात्रीच्या गोळीचं तर टेन्शनच नको.

गोळीबार

तर्कटी, आम्लाचा यात काही हात नाही. तसं असतं तर लिंबाच्या सरबतानेही हेच झालं असतं. (माझं काम औषधांच्या मात्रा तपासण्याचं आहे, त्यामुळे हा विषय रोजचा.)

आतड्याच्या अस्तरात 3ए4 नावाचं एक विकर असतं. त्याला जकातनाका समजा: गोळीतलं औषध रक्तात शिरण्याआधी तिथे त्याचा मोठा हिस्सा मोडला जातो. फेलोडिपिनचे 100 भाग गिळले तर नाका आणि पुढे यकृत पार करून जेमतेम 15 भाग रक्तात पोचतात. सिमव्हास्टॅटिनचे 5 सुद्धा नाही. गोळीचा डोस ठरवताना ही गळती धरलेलीच असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन जातीची द्रव्यं आतड्यातलं हे विकर निकामी करतात. गळती थांबली की तीच गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी वागते.

बाबांचं उत्तर यातच आहे. ॲमलोडिपिनचे 100 पैकी 60 ते 90 भाग एरवीही रक्तात पोचतातच, त्यामुळे नाका उठला तरी वाढायला फारशी जागा नाही. रोझुव्हास्टॅटिन या विकराच्या वाटेला जवळपास जातच नाही.

आता अंतराचं. रसातली द्रव्यं विकराला थोडा वेळ अडवून सोडून देत नाहीत, ते कायमचं बाद करतात. शरीर नवं विकर तयार करेपर्यंत परिणाम राहतो. फेलोडिपिनच्या बाबतीत मोजलं गेलंय: रस 10 तास आधी प्यायला तरी परिणाम साधारण निम्मा उरतो, 24 तासांनी पाव. आईचा नाश्ता आणि झोप यांत तेरा-चौदा तास असतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेला. म्हणजे विकराला सावरायला वेळच मिळत नाही.

हे सापडलं तेही योगायोगानेच. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाला फेलोडिपिनबरोबर मद्य घेतलं तर काय होतं ते बघायचं होतं. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवलं की हे काम रसाचं आहे. तोवर फळाच्या रसावर कुणाचा संशयच नव्हता.

आबा

मी ॲमलोडिपिन घेतो आणि ग्रेपफ्रूट वर्षानुवर्षं खातोय, काही झालं नाही. उलट निशिगंध, तुमच्या आईंचं बीपी रसाने उतरलं ही चांगलीच गोष्ट की! अर्धी गोळी आणि रस, दोन्ही चालू ठेवा. औषध कमी गेलेलं बरं.

माझी तक्रार वेगळीच आहे. शिंकांसाठी फेक्सोफेनाडिन घेतो, ती मात्र रसाबरोबर घेतली की लागूच पडत नाही. तुमच्या हिशेबाने ती जास्त लागायला हवी.

गोळीबार

आबा, फेक्सोफेनाडिनची गोष्ट उलटी आहे. ती मोडली जात नाही, तिला आतड्यातून आत ओढून घेणारे वाहक असतात आणि रस त्यांना अडवतो. म्हणून पातळी घटते. हा अडथळा मात्र तात्पुरता असतो, काही तासांत सुटतो. म्हणजे तर्कटींचा चार तासांचा सल्ला तुमच्या गोळीला लागू आहे, निशिगंधच्या आईला नाही. तुम्ही ती सरळ पाण्याबरोबर घ्या.

अर्धी गोळी अधिक रस हा बेत मला पटत नाही. कुणाच्या आतड्यात हे विकर भरपूर असतं, कुणाच्या थोडं. त्यामुळे त्याच पेल्याने एकाच्या रक्तातलं फेलोडिपिन जराही हलत नाही आणि दुसऱ्याचं कित्येक पट होतं. फळागणिक, बाटलीगणिक द्रव्यंही कमी-जास्त असतात. एक दिवस रस संपला, पुढच्या दिवशी दोन पेले झाले, तर डोस नक्की किती गेला हे कुणी सांगायचं?

निशिगंध, म्हणूनच तुमच्याकडे एक गोष्ट सांभाळून करावी लागेल. 2.5 चा डोस रस चालू असताना ठरलाय. रस बंद केला की दोन-तीन दिवसांत फेलोडिपिनची पातळी खाली येईल आणि बीपी वर जाईल. डॉक्टरांना हा क्रम तारखांसकट सांगा: रस कधी सुरू झाला, त्रास कधी, डोस कधी कमी केला. गोळ्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका. फेलोडिपिनची गोळी तोडायची किंवा चावायची नसते, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

मीनल_क

थोडा विरोधी सूर लावते. स्टॅटिनच्या बाबतीत या गोष्टीचा बाऊ होतो. "सिमव्हास्टॅटिन 16 पट वाढतं" हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्या प्रयोगात दुप्पट दाट रस दिवसातून तीनदा दिला होता. असं कोण पितं? लोव्हास्टॅटिनवरच्या एका अभ्यासात सकाळी साधा एक पेला आणि रात्री गोळी असा, अगदी आईंसारखाच क्रम होता. रक्तात औषधाचं प्रत्यक्ष काम करणारं रूप साधारण 30 टक्क्यांनीच वाढलं. त्यासाठी माणसाला घाबरवायचं, मग तो रसाऐवजी गोळीच सोडतो. ते जास्त धोक्याचं.

गोळीबार

16 पटीच्या आकड्याबद्दल मान्य. पण साधा रस, रोज एकच 200 मिलीचा पेला दिला तेव्हाही सिमव्हास्टॅटिन साडेतीन पटींच्या पुढे गेलं होतं. तिथे गोळी रसाबरोबरच घेतली होती, तुमच्या अभ्यासात बारा तासांनी. वेळेने फरक पडतो हे खरं, पण तो शून्यावर येत नाही. भरपूर रस थांबवल्यावर 24 तासांनी दिलेलं सिमव्हास्टॅटिनही दुपटीच्या आसपास होतं, आणि परिणाम पूर्ण जायला आठवडाभर लागला.

अॅटॉर्व्हास्टॅटिन असतं तर मीही एका पेल्यावरून वाद घातला नसता, तिथे वाढ तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. सिमव्हास्टॅटिनवर मी रस नको म्हणेन, कारण पातळी वाढली की स्नायूंचा त्रास वाढतो.

मीनल_क

20 च्या डोसला मी अजूनही आधी रसाकडे बोट दाखवणार नाही. मांड्या दुखायला वय आहे, थायरॉइड आहे, 'ड' जीवनसत्त्व आहे. तपासणी तरी होऊ दे.

तर्कटी

म्हणजे लिंबू चालेल, संत्रं चालेल, फक्त हे एकच फळ नाही? अजब आहे.

गोळीबार

नेहमीचं गोड संत्रं चालतं. पपनस आणि मार्मालेडसाठी वापरतात ते कडू संत्रं, या दोन्हींत मात्र तीच द्रव्यं असतात. आणि रसच नाही, अख्खं फळ खाल्लं तरी तोच परिणाम.

निशिगंध, स्नायूंसाठी सीपीके ही रक्ततपासणी असते. नुसतं दुखणं आणि ताकद जाणं यांत फरक करा: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतंय का ते बघा. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात न्या. तसं होणं दुर्मीळ आहे, पण झालंच तर मूत्रपिंडावर जातं.

निशिगंध

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांनी रस बंद करायला सांगितला, फेलोडिपिन सध्या 2.5 च, बीपी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायचं. वरचा आकडा सलग काही दिवस 140 च्या पुढे राहिला तर पुन्हा 5. रस थांबवून आठवडा होत आला, काल 138/84 होतं. चेहऱ्याची लाली आणि डोकेदुखी गेली. सूज कमी आहे पण गेलेली नाही. डॉक्टरांचं म्हणणं, या गोळीने रसाशिवायही घोटे सुजतात, त्यामुळे सूज रसाचीच होती असं म्हणता येणार नाही.

सीपीके किंचित जास्त आलंय. आधीचा आकडा नसल्याने ते नेहमीचंच आहे की वाढलंय हे कळत नाही. दोन आठवड्यांनी परत करायचंय. खुर्चीवरून आई आरामात उठते.

बाबांना रस चालू ठेवायची परवानगी मिळाली आहे. आईला ते अजिबात मान्य नाही.

आबा

फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घेऊन बघतो. पण ॲमलोडिपिनबरोबर कोलेस्टेरॉलची जी गोळी घेतो, ती सिमव्हास्टॅटिन 40 निघाली. मला काहीच त्रास नाही, तरी ग्रेपफ्रूट सोडू का?

गोळीबार

सोडा. शिवाय ॲमलोडिपिन आणि सिमव्हास्टॅटिन एकत्र असतील तर सिमव्हास्टॅटिन 20 च्या वर जाऊ नये अशी मर्यादा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 सालीच घातली आहे, फळ असो वा नसो. या आठवड्यात चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवा.