प्रतिसाद: मुदत लिहिली तरी संरक्षण का संपत नाही

>> मुदत कायद्यातच लिहून टाकली की झालं. दहा वर्षांनी संरक्षण आपोआप संपेल.

नव्या देशी उद्योगाला परदेशी स्पर्धेपासून दिलेलं संरक्षण असं संपत नाही. मलेशियाची मोटार कंपनी प्रोटॉन बघा. 1983 मध्ये सरकारने कंपनी काढली, 1985 मध्ये पहिली गाडी आली आणि आयात गाड्यांवर जबर शुल्क बसलं. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाच्या करारानुसार ते 2003 पासून उतरवायचं होतं, पण मलेशियाने गाड्यांसाठी 2005 पर्यंत सवलत मागून घेतली. खरी गंमत पुढेच आहे. आयात शुल्क उतरवताना सरकारने अबकारी कर वाढवला आणि स्थानिक सुटे भाग वापरणाऱ्यांना त्यात सूट दिली. कागदावर शुल्क कमी झालं, परदेशी गाडी मात्र महागच राहिली.

तोवर त्या एका कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची अख्खी साखळी उभी राहिली होती. शुल्क काढलं तर नोकऱ्या कुणाच्या जाणार हे प्रत्येकाला नावानिशी माहीत असतं. गाडीसाठी जास्त पैसे मोजणारा ग्राहक मात्र विखुरलेला, त्याचं शिष्टमंडळ मंत्र्याकडे जात नाही. म्हणून मला मुदतीपेक्षा दक्षिण कोरियाची 1960-70 च्या दशकांतली अट पटते: निर्यातीचं लक्ष्य गाठलं तरच उद्योगाला स्वस्त कर्ज. परदेशी ग्राहकावर सरकारचा दबाव चालत नाही, त्यामुळे उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला की नाही हे तिथे लपवता येत नाही.