प्रतिसाद: ब्रॉथमध्ये ई. कोलाय का मरत नाही

> "सांगलीत आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर बेली आणि ई. कोलाय रात्रभर शेकरवर एकत्र वाढवले. ई. कोलाय कमी झाले नाहीत. टाइप सिक्स बंद असेल का?"

तसं लगेच म्हणता येणार नाही. टाइप सिक्स म्हणजे बेलीची शेजारच्या जिवाणूंना मारणारी यंत्रणा; तिची विषारी सुई पेशीला चिकटलेल्या शेजाऱ्यापर्यंतच पोचते आणि हलत्या ब्रॉथमध्ये तो स्पर्श टिकत नाही.

दोन्ही कल्चर धुऊन ओडी 1 ला आणा. 10 भाग बेलीत 1 भाग ई. कोलाय मिसळा, 5 मायक्रोलिटरचा थेंब एलबी अगारवर ठेवून 30 अंशांवर 3-4 तास ठेवा. मग थेंबाखालचा अगार कापून 1 मिली सलाइनमध्ये ढवळा, डायल्यूशन करून ई. कोलायच्या सिलेक्शन प्लेटवर मोजा. प्लेट आधी उघडी ठेवून नीट सुकवाच. पावसाळ्यात ओल्या अगारवर थेंब पसरतो, पेशी विरळ होतात.

टाइप सिक्सच्या सुईला लागणारं एचसीपी जीन काढलेला बेली त्याच प्रमाणात शेजारी लावा. त्याच्याबरोबरही ई. कोलाय तितकेच घटले, तर कारण अन्नाची स्पर्धा असू शकतं.

फसगत होते ती सिलेक्शनमध्ये. बेली फुटलेल्या पेशींचा डीएनए सहज उचलतो, त्यामुळे ई. कोलायचं प्रतिरोधक प्लाझ्मिड त्याच्याकडे जाऊ शकतं आणि त्याच्याच कॉलनी 'वाचलेले' म्हणून मोजल्या जाऊ शकतात. स्ट्रेन लॅक्टोज पचवणारा असेल तर काही कॉलनी मॅकाँकीवर ओढा: ई. कोलाय गुलाबी, बेली नाही.