माल मिळालाच नाही, तरी चेकचे पैसे द्यावे लागतात?

प्रश्न : "अ ने ब ला मालासाठी ५०,००० चा चेक दिला. ब ने माल न देताच तो क ला एंडॉर्स केला. चेक बाउन्स झाला. क काय करू शकतो?"

आधी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम ९ तपासा, बहुतेक जण इथेच गुण घालवतात. क ने मोबदला देऊन चेक घेतला असेल आणि ब च्या हक्कात खोट असल्याचा संशय यावा असं सबळ कारण नसेल, तर तो यथाविधी धारक. मग माल न मिळाल्याचा बचाव ब विरुद्ध चालेल, क विरुद्ध नाही (कलम ४३). क ने चेक भेट म्हणून घेतला असेल, तर तो नुसता धारक, आणि हे संरक्षण जातं. चेकवर 'नॉट निगोशिएबल' क्रॉसिंग असेल तरीही जातं, कारण कलम १३० नुसार क ला ब पेक्षा चांगला हक्क मिळत नाही.

कलम १४२ मुळे यथाविधी धारकालाही कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची फौजदारी तक्रार करता येते. बँकेकडून परतीचा मेमो २० मार्चला मिळाला, तर ३० दिवसांत, म्हणजे १९ एप्रिलपर्यंत लेखी नोटीस द्यायची. ती अ ला १२ एप्रिलला मिळाली, तर २७ एप्रिलपर्यंत पैसे देण्याची मुदत. २८ ला तक्रारीचं कारण घडतं आणि तिथून एक महिन्यात तक्रार. २७ च्या आत केलेली तक्रार अकाली ठरते.

ब वर मात्र १३८ लागत नाही, चेक त्याने काढलेला नाही. त्याच्याकडून वसुली दिवाणी दाव्याने, आणि त्यासाठी त्यालाही अनादराची सूचना द्यावी लागते (कलम ९३). उत्तरात हे वेगळं लिहा.