ट्रेनरची ओळख: प्रोफाइलमधलं काय सांगायचं?

> उद्या ट्रेनरची ओळख मला करून द्यायची आहे. त्यांनी दोन पानी प्रोफाइल पाठवलंय. सगळं वाचू का? आणि अपेक्षा कशा मांडू?

सगळं वाचू नका. पदव्या आणि क्लायंटची यादी सुरू झाली की लोक मोबाइल काढतात. आजच्या विषयाशी थेट जोडलेली एकच गोष्ट निवडा. समजा, विषय तक्रारींच्या ईमेलना उत्तर देण्याचा आहे आणि ट्रेनरने स्वतः कस्टमर सपोर्टची टीम सांभाळली आहे. मग एवढंच म्हणा: "आपल्याकडे येतात तसे संतापलेले ईमेल यांनी बरीच वर्षं हाताळलेत." नावाचा उच्चार मात्र आधी त्यांनाच विचारून घ्या. दोन मिनिटांत माइक त्यांच्या हातात द्या.

अपेक्षांचं म्हणाल तर "संवादकौशल्य सुधारेल" असं मोघम बोलू नका. "संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एका खऱ्या तक्रारीचं उत्तर लिहिलेलं असेल" असं सांगा, म्हणजे ते झालं की नाही हे दिवसअखेर तपासता येतं. काय होणार नाही तेही तिथेच सांगा. रिफंडची पॉलिसी बदलणं ट्रेनरच्या हातात नसतं; हे आधी स्पष्ट केलं नाही, तर सकाळचा अर्धा वेळ त्याच गाऱ्हाण्यात जातो. असे मुद्दे एका वेगळ्या चार्टवर लिहून ठेवायचे आणि ते पुढे कोण नेणार, त्याचं नाव तिथेच टाकायचं.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: इथलं बोलणं मॅनेजरपर्यंत जाणार का, हे तुम्हीच सांगा. ट्रेनर बाहेरचा असतो, त्याच्या शब्दावर लोक मोकळे होत नाहीत. पण मॅनेजरशी आधी बोलून घ्या, पाळता येईल तेवढंच कबूल करा.